गोलघर : जे कोठार कधीच भरले नाही

पाटण्याचे गोलघर पाहून आलेला प्रत्येक जण एक गोष्ट हमखास सांगतो. इंग्रजांनी एवढे प्रचंड धान्यकोठार बांधले खरे, पण त्याची दारे आत उघडणारी केली. कोठार भरले की दार उघडणारच नाही! गोष्ट मजेदार आहे आणि म्हणूनच ती दोनशे वर्षे टिकली. मात्र या विनोदामुळे खरा प्रश्न झाकला जातो. दारे बाहेर उघडली असती तरी आतले धान्य टिकले असते का?

प्रथम इमारतीकडे पाहू. १७७० च्या दुष्काळाने बंगाल आणि बिहार उद्ध्वस्त झाले होते. १७८३ मध्ये पुन्हा टंचाईचे सावट आले, तेव्हा वॉरन हेस्टिंग्जच्या मंडळाने २० जानेवारी १७८४ रोजी धान्यकोठारांच्या योजनेचा हुकूम काढला. कॅप्टन जॉन गार्स्टिन या अभियंत्याने २० जुलै १७८६ रोजी पहिले कोठार पुरे केले. या प्रांतांतील दुष्काळ कायमचा रोखण्याचा हेतू भिंतीवरच्या शिलालेखात स्पष्ट नोंदवलेला आहे. त्या लेखात कोठाराला 'क्रमांक १' म्हटले आहे. म्हणजे पुढे आणखी कोठारे उभी राहायची होती.

उंची सुमारे २९ मीटर. आत एकही खांब नाही. भिंत पायथ्याशी साडेतीन मीटरांहून जाड. बाहेरून दोन नागमोडी जिने घुमटाच्या माथ्यापर्यंत जातात. एका जिन्याने पाठीवर पोते घेतलेला हमाल चढणार, माथ्यावरच्या भोकातून धान्य आत ओतणार आणि दुसऱ्या जिन्याने रिकामा उतरणार, अशी ही कल्पना. धान्य काढायचे ते पायथ्याच्या दारांतून.

यात १,४०,००० टन धान्य मावते, असे सर्वत्र छापलेले आढळते. हा आकडा एकदा मोजून पाहण्यासारखा आहे. पायथ्याचा बाहेरचा घेर सुमारे १२५ मीटर, म्हणजे व्यास ४० मीटर. दोन्ही बाजूंच्या भिंती वजा केल्या की आतला व्यास ३३ मीटरांच्या आसपास राहतो. आतली उंची २७ मीटर धरली तर एवढ्या मापाच्या सरळ नळकांड्यात सुमारे २३,००० घनमीटर जागा होते. घुमट वर निमुळता होत जातो, त्यामुळे त्यातली दोन तृतीयांश जागा धरू. ती होते साडेपंधरा हजार घनमीटर. एका घनमीटरात पाऊण टनाहून थोडा अधिक गहू बसतो. म्हणजे गोलघराची खरी क्षमता बारा हजार टनांच्या आसपास निघते. छापील आकडा दहा पटींहून अधिक फुगलेला आहे आणि तो पुस्तकांतून पुस्तकांत निमूटपणे उतरत आला आहे.

पण बारा हजार टन हीदेखील लहान रास नव्हे. एका खेपेत ४० किलो धरले तर ती भरायला तीन लाख खेपा लागतात. रोज हजार खेपा झाल्या तरी तीनशे दिवस. गहू निघतो चैत्र-वैशाखात आणि पाटण्याला आषाढात पाऊस सुरू होतो. म्हणजे कोठार भरण्याचे काम पावसाळा ओलांडूनच पुरे झाले असते. खरी अडचण येथून सुरू होते.

साठवणीतला दाणा निर्जीव नसतो. तो मंदपणे श्वास घेत असतो. भोवतालच्या हवेत दमटपणा असेल तर तो ओल शोषतो, हवा कोरडी असेल तर ओल सोडतो. हवेची सापेक्ष आर्द्रता ७० टक्क्यांच्या आसपास असेल तर गव्हातली ओल १४ टक्क्यांच्या जवळ येऊन स्थिरावते. ही मर्यादा ओलांडली की बुरशीला वाव मिळतो. म्हणूनच उष्ण प्रदेशात दीर्घकाळ साठवायचा गहू १२ टक्क्यांच्या आत असावा, असे मानतात. आज सरकारी गहूखरेदीत १२ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यावर १४ टक्क्यांपर्यंत दरात कपात आणि त्यापुढे नकार, असा सर्वसाधारण नियम आहे. तो आला आहे याच मर्यादेवरून.

येथे सरासरी फार फसवी ठरते. वैशाखात ओतलेला गहू ११ टक्क्यांचा आणि श्रावणात ओतलेला १६ टक्क्यांचा असेल, तर कागदावर सारे ठीक दिसेल. राशीत मात्र तो ओला थर आपल्या जागीच राहतो. दाण्यांच्या राशीतून ओल आणि उष्णता दोन्ही अतिशय हळू पसरतात. बुरशी सरासरीची वाट पाहत नाही. तिला तो एक थर पुरतो.

माथ्यावरच्या भोकातून धान्य ओतण्यातही एक खोड आहे. इतक्या उंचीवरून पडणाऱ्या धान्याचा शंकू तयार होतो. अख्खे दाणे त्याच्या उतारावरून घरंगळत कडेला जातात. तूस, माती आणि फुटके दाणे भोकाच्या बरोबर खाली, मध्यभागी साचतात. सर्वांत गच्च, हवा न खेळणारा आणि किडीला सर्वांत सोयीचा भाग असा राशीच्या पोटात, हात न पोहोचणाऱ्या जागी तयार होतो. फुटक्या दाण्यांवर आणि पिठावर वाढणाऱ्या तांबड्या भुंगेऱ्याला याहून चांगले घर मिळणार नाही.

सोंडकिड्याला मात्र फुटका दाणाही लागत नाही. मादी आपल्या सोंडेने अख्ख्या दाण्याला बारीक भोक पाडते, आत एक अंडे घालते आणि स्वतःच्या चिकट स्रावाने भोक बुजवते. अळी दाण्याच्या आतच खाते, आतच कोषात जाते. उष्ण हवेत महिन्याभराने पूर्ण वाढलेला किडा दाणा पोखरून बाहेर येतो. तोपर्यंत दाणा वरून निरोगी दिसतो. वैशाखात डोळ्यांना स्वच्छ दिसलेला गहू आषाढात 'अचानक' किडलेला आढळतो, त्याचे कारण हे.

हजारो किडे एका जागी जमले की त्यांच्या श्वसनाची ऊब आणि वाफ तेथेच साठते. धान्य उष्णतेचे वाईट वाहक असल्याने त्या जागेचे तापमान ४० अंशांच्या आसपास चढते. उष्णता असह्य झाली की किडे बाहेरच्या थरात सरकतात, वाफ शेजारच्या थंड दाण्यांवर पाणी होऊन बसते आणि तेथे बुरशी धरते, क्वचित अंकुरही फुटतात. सुरुवात कोरड्या धान्यात झालेली असली, तरी ओल किडे स्वतः निर्माण करतात. पोत्यांच्या थप्पीत अशी जागा हाताला गरम लागते, आंबूस वास येतो. अनुभवी माणूस राशीत लोखंडी सळई खुपसून ठेवतो आणि काही वेळाने बाहेर काढून तिला हात लावतो. पण २७ मीटर खोल राशीच्या पोटापर्यंत सळई पोहोचणार कशी?

दख्खनमध्ये त्या काळी वेगळी रीत रूढ होती. कोरड्या, उंचावरच्या घट्ट जमिनीत पेव खोदायचे, तळाला आणि कडांना कडबा किंवा गवत लावायचे, वाळलेली ज्वारी भरायची आणि तोंड मातीने पक्के लिंपायचे. आतल्या किड्यांचे श्वसन चालू राहते, पण नवी हवा येत नाही. प्राणवायू दोन-तीन टक्क्यांवर घसरला की किडे गुदमरून मरतात. कीड जितकी जास्त, तितका प्राणवायू लवकर संपतो. औषध लागत नाही, कीड स्वतःच स्वतःचा काळ ठरते. पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचे नाही, आधी दिवा सोडून पाहायचा, हा नियम त्याच कारणाने होता. दिवा विझला तर माणूसही विझेल. एखाद्या गोष्टीचा सुळसुळाट झाला की आपण 'पेव फुटले' म्हणतो, तो वाक्प्रचार याच खड्ड्याचा आहे. सांगलीजवळच्या हरिपूरला हळदीसाठी अशी पेवे अगदी अलीकडेपर्यंत वापरात होती. २००५ च्या महापुराने त्यांतली पुष्कळशी निकामी केली.

पेवाला मर्यादाही होत्या. जमिनीतले पाणी वर आले की सारे संपले. ओले धान्य भरले तर ते हवेवाचून आंबते. कडेचा थर बहुधा कुबट निघे आणि अशा धान्याची उगवणशक्ती भरवशाची नसे. शिवाय पेव एकदा उघडले की हवाबंदपणा गेला, म्हणून ते बऱ्यापैकी लवकर रिकामे करावे लागे. यासाठी एका अजस्र पेवाऐवजी अनेक लहान पेवे असत. एक नासले तरी बाकीची शाबूत राहत. गोलघरात बारा हजार टनांची एकच रास होती. त्यातले काही वेगळे काढण्याची सोयच नव्हती.

प्रयोगशाळेला पेवाचे हे शहाणपण समजायला पहिले महायुद्ध यावे लागले. ब्रिटनने विकत घेतलेला गहू जहाजांअभावी ऑस्ट्रेलियाच्या बंदरांवर थप्प्या लावून पडून राहिला आणि त्याला सोंडकिड्यांनी ग्रासले. रॉयल सोसायटीने यासाठी खास समिती नेमली. आर्थर डेंडी या प्राणिशास्त्रज्ञाने हवाबंद भांड्यांत किडका गहू ठेवून दाखवून दिले की, प्राणवायू घटून आणि कर्बवायू वाढून किडे आपोआप मरतात. त्याच सुमारास, १९१६ मध्ये, बार्न्स आणि ग्रोव्ह यांचा पंजाबातल्या साठवलेल्या गव्हाच्या किडींवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. कोरड्या धान्यातही तग धरणारा खपरा भुंगेरा ही त्या प्रदेशाची खास डोकेदुखी होती.

आजचा पोलादी सायलो गोलघरासारखाच उंच आणि गोल दिसतो, पण साम्य तेवढेच. धान्य आत जाण्याआधी त्यातली ओल मोजली जाते. राशीत वेगवेगळ्या खोलीवर तापमापकांच्या तारा लोंबत असतात. एखादी जागा तापू लागली की ती आकड्यांत दिसते. तळाशी पंखे असतात आणि ते बाहेरची हवा थंड व कोरडी असेल तेव्हाच चालवतात. भर पावसाळ्यात ते सुरू केले तर राशीत ओलच भरली जाईल. कीड आढळली तर फॉस्फीन वायूची धुरी देतात. येथे पेवाचा जुना नियम पुन्हा आडवा येतो. कोठार गळके असेल तर वायू पुरेसे दिवस टिकत नाही, किडे अर्धवट मारले जातात आणि उरलेल्यांच्या पुढच्या पिढ्या त्या वायूला दाद देईनाशा होतात. १९७२-७३ च्या जागतिक पाहणीतच फॉस्फीनला न जुमानणारे किडे सापडले होते. औषध बदलले, पण झाकण घट्ट असण्याची अट तीच राहिली.

गोलघर पूर्ण क्षमतेने कधी भरले गेले नाही आणि 'क्रमांक २' काही उभे राहिले नाही. शिलालेखात शेवटी एक ओळ आहे : हे कोठार प्रथम भरून समारंभपूर्वक बंद करणाऱ्याचे नाव. गार्स्टिनने त्या नावासाठी जागा सोडली होती. ती अजून कोरीच आहे.