श्रेय ब्लू बॉक्सचे नाही

दोन एक्स्चेंजमधले सिग्नलिंग आवाजाच्या ट्रंकवरून काढून वेगळ्या वाहिनीवर नेले गेले ते फोनचोरांना आळा घालण्यासाठी, असे सर्रास सांगितले जाते. या मताला आधार आहे, हे मान्यच करायला हवे. अमेरिकेत रिकाम्या ट्रंकवर २६०० हर्ट्झचा सूर चालू असे. ब्लू बॉक्समधून तोच सूर सोडला की पुढच्या एक्स्चेंजला ट्रंक मोकळी झाल्यासारखी वाटे. मग सुरांनीच नवा नंबर पाठवून फुकट बोलता येई. १९७१ मध्ये ‘एस्क्वायर’ मासिकाने हा प्रकार जगासमोर आणला आणि १९७६ मध्ये एटी अँड टीने स्वतंत्र सिग्नलिंग सुरू केले.

पण आधी घडले ते कारणच असते का? सीसीआयटीटी या आंतरराष्ट्रीय संस्थेने अशाच पद्धतीचे मानक, सिग्नलिंग सिस्टिम क्रमांक ६, १९६८ मध्येच ठरवले होते. ‘एस्क्वायर’चा लेख तेव्हा लिहिलाही गेला नव्हता.

खरे कारण एका एंगेज नंबरात दिसते. न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला फोन लावला, वाटेत दोन एक्स्चेंज आहेत आणि पलीकडचा फोन एंगेज आहे. जुन्या पद्धतीत प्रत्येक टप्प्यावर ट्रंक धरायची, पुढच्या एक्स्चेंजचा रिसीव्हर तयार होईपर्यंत थांबायचे आणि आकडे सुरांतून पाठवायचे. शेवटी एंगेज टोन देशभराच्या ट्रंकवरून परत येणार आणि माणूस फोन ठेवीपर्यंत ती सगळी साखळी अडकून राहणार. पैसे मात्र शून्य! नव्या पद्धतीत, पुढे सिस्टिम ७ मध्ये तिला जे रूप आले त्यात, पहिले एक्स्चेंज ट्रंक राखून तिचा क्रमांक आणि हवा असलेला नंबर एकाच संदेशात पुढे पाठवते. मधली एक्स्चेंजही तेच करतात. शेवटचे एक्स्चेंज ‘एंगेज’ कळवते, ट्रंक लगेच सुटतात, आणि टोन वाजतो तो न्यूयॉर्कच्याच एक्स्चेंजमधून. सगळी बचत ट्रंकची आहे.

या बचतीची किंमतही मोजावी लागली. सूर ट्रंकवरूनच जात, तेव्हा ती चालू असल्याची खात्री आपोआप होई. संदेश वेगळ्या वाटेने गेला की ट्रंक मुकी असली तरी कॉल ‘जोडला’ जाऊ शकतो. म्हणून गरज तिथे आधी ट्रंकवर सुमारे २००० हर्ट्झचा सूर सोडून तो परत येतो का, हे तपासावे लागले. हा खटाटोप केवळ चोरांसाठी कोण करील?

आणि उद्देश सुरक्षेचाच असता, तर संदेश पाठवणारा कोण, हे तपासण्याची सोय मुळात असायला नको होती का? सिस्टिम ७ मध्ये ती नव्हती. जाळ्यात शिरलेला प्रत्येक जण विश्वासाचा धरला गेला. ब्लू बॉक्स निकामी झाली, हे खरे. पण तो लाभ आनुषंगिक होता. त्या गाफीलपणाचा परिणाम २०१४ मध्ये उघड झाला: सिस्टिम ७ च्या साध्या चौकशी-संदेशांनी परदेशातून कुणाच्याही मोबाइलचा ठावठिकाणा काढता येतो, हे जर्मन संशोधकांनी दाखवून दिले.