प्रस्तावना : मूत्रपिंडातली सिस्ट, पडदे आणि निर्णय

पित्ताशयातल्या खड्यांसाठी सोनोग्राफी होते आणि रिपोर्टच्या तळाशी एक ओळ सापडते : ‘डाव्या मूत्रपिंडात सिस्ट’. पन्नाशीनंतर ही ओळ नेहमीची. बहुतेक वेळा ती नुसती पाण्याची पातळ पिशवी असते आणि तिच्याकडे पुन्हा पाहावंही लागत नाही. काही थोड्या सिस्टमध्ये मात्र पडदे असतात, भिंत जाड असते, आणि त्यांतल्या काहींत कर्करोग दडलेला असतो. त्या ओळखायच्या कशा आणि ओळखल्यावर शस्त्रक्रिया कुणाची करायची, एवढाच या पुस्तकाचा विषय आहे. या शाखेत नव्याने येणाऱ्या वाचकाने तो इथून पाहावा.

न्यूयॉर्कचे रेडिऑलॉजिस्ट मॉर्टन बॉस्निअॅक यांनी 1986 साली सीटीवर दिसणाऱ्या सिस्टची चार गटांत प्रतवारी मांडली. दुसऱ्या आणि तिसऱ्या गटाच्या मध्ये पुढे त्यांनीच ‘टू-एफ’ हा गट घातला. त्यातला ‘एफ’ फॉलो-अपचा. 2019 मध्ये स्टुअर्ट सिल्व्हरमन आणि सहकाऱ्यांनी या प्रतवारीला मिलिमीटरची मापं दिली. ‘किंचित जाड’ म्हणजे किती, यावर दोन डॉक्टरांचे दोन रिपोर्ट येत, ते कमी व्हावेत हा त्यामागचा हेतू.

सिस्ट किती मोठी आहे यावर गट ठरत नाही, हे आधीच लक्षात घ्यावं. दहा सेंटिमीटरची साधी सिस्ट निरुपद्रवी असू शकते आणि तीन सेंटिमीटरची घातक. प्रश्न असतो तो भिंतीला आणि पडद्यांना रक्तपुरवठा आहे का, हा. म्हणून सीटी आधी कॉन्ट्रास्टशिवाय आणि नंतर कॉन्ट्रास्ट दिल्यावर साधारण दीड मिनिटाने काढतात. एखाद्या भागाची घनता 20 हाउन्सफिल्ड युनिट किंवा अधिक वाढली, तर तिथे रक्त पोचतंय, म्हणजे जिवंत ऊती आहे. वाढ 10 ते 20 च्या दरम्यान असेल तर एमआरआय मदतीला येतो. लहान सिस्टच्या बाबतीत सावध राहावं लागतं : आजूबाजूचं मूत्रपिंड कॉन्ट्रास्टने उजळलं की आतल्या पाण्याची घनताही वाढल्यासारखी दिसते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. अठ्ठावन्न वर्षांच्या बाई, सिस्ट 4.2 सेंटिमीटरची. आतलं पाणी कॉन्ट्रास्टआधी 12 युनिट, नंतर 15, म्हणजे पाणीच. पण आत दोन पडदे आहेत. एक केसासारखा बारीक, दुसरा गुळगुळीत, पण 3 मिलिमीटर जाड आणि कॉन्ट्रास्ट घेणारा. दोन्ही पडदे 2 मिलिमीटरच्या आत असते, तर हा दुसरा गट झाला असता आणि पुढच्या तपासण्यांची गरज उरली नसती. पडदा 4 मिलिमीटर असता, तर तिसरा गट. या बाई मधल्या टू-एफमध्ये बसतात : सहा महिन्यांनी तपासणी, मग वर्षाने, पुढे एकूण पाच वर्षं पूर्ण होईपर्यंत दरवर्षी. या गटातल्या बहुतेक सिस्ट तशाच राहतात.

समजा, दुसऱ्या वर्षीच्या सीटीत त्याच पडद्यावर 5 मिलिमीटरचा उंचवटा दिसला; घनता कॉन्ट्रास्टआधी 34, नंतर 82. हा चौथा गट. अशा गाठींपैकी दहातल्या सुमारे नऊ कर्करोगाच्या निघतात. प्रकृती झेपणारी असेल तर शस्त्रक्रिया सुचवली जाते आणि जमेल तिथे मूत्रपिंड राखून फक्त गाठच काढतात. सिस्ट मोठी झाली असती आणि भिंत, पडदे तसेच राहिले असते, तर केवळ वाढीवरून गट बदलला नसता.

खरी अडचण तिसऱ्या गटाची. शस्त्रक्रिया झालेल्या अशा गाठींपैकी जवळपास निम्म्याच कर्करोगाच्या निघाल्या. उरलेल्या रुग्णांचं ऑपरेशन निरुपद्रवी सिस्टसाठी झालं. शिवाय सिस्टसारखे कर्करोग बहुधा संथ असतात आणि क्वचितच पसरतात. सुईने तुकडा काढावा, तर पातळ पडद्यातून पुरेशा पेशी मिळतीलच असं नाही. त्यामुळे वय जास्त असेल, हृदय कमकुवत असेल किंवा एकच मूत्रपिंड काम करत असेल, तर तिसऱ्या गटातही नियमित नजर ठेवणं हा रास्त पर्याय ठरतो.

ही प्रतवारी कुठे लावू नये, यावर पुढे स्वतंत्र प्रकरण आहे. पू झालेली गाठ किंवा मधोमध सडलेला घट्ट ट्यूमर सीटीवर सिस्टसारखा दिसू शकतो. ताप, लघवीची तपासणी आणि जुने फोटो पाहिल्याशिवाय त्याला गट देऊ नये. रिपोर्ट लिहिताना नुसता गटाचा आकडा लिहून थांबू नये. पडदे किती, सगळ्यात जाड भाग किती मिलिमीटरचा, कॉन्ट्रास्टआधीची आणि नंतरची घनता किती, एवढं नोंदवलं, तर पुढच्या वर्षी फोटो पाहणाऱ्याला काय बदललं ते सांगता येईल आणि सर्जनला नेमकं उत्तर मिळेल.