शब्द-अशब्द चाचणी

पडद्यावर अक्षरांची एक जुळणी दिसते आणि परीक्षार्थी ती त्या भाषेतला खरा शब्द आहे की नाही, एवढेच सांगतो. अशा प्रश्नांवरून शब्दसंग्रहाचा झटपट अंदाज घेणारी ही चाचणी. परभाषा शिकणाऱ्यांसाठी तिची आजची घडण बसवण्यात पॉल मिआरा आणि बार्बरा बक्स्टन यांच्या 1987 मधील लेखाचा मोठा वाटा आहे. परदेशी विद्यापीठांत प्रवेश घेणारे मराठी विद्यार्थी तिला ड्युओलिंगो इंग्लिश टेस्टमधून ओळखतात. तिथे एकेक शब्द येतो आणि उत्तराला अवघे पाच सेकंद मिळतात.

नुसते खरे शब्द दाखवून ‘येतो का?’ विचारले, तर सगळ्यांना ‘हो’ म्हणणारा पहिला येईल. म्हणून मध्ये बनावट शब्द पेरतात. चाचणीचा खरा भार त्यांच्यावरच असतो. नेदरलँड्समधील क्रिस्टिन लेम्हॉफर आणि मिर्याम ब्रुर्स्मा यांनी 2012 मध्ये मांडलेल्या ‘लेक्सटेल’ या इंग्रजी चाचणीत 40 खरे आणि 20 बनावट शब्द आहेत. त्या बनावट शब्दांपैकी एक ‘मेन्सिबल’. ‘सेन्सिबल’ माहीत असलेल्याला तो ऐकल्यासारखा वाटतो, पण इंग्रजीत तो नाही.

गुण कसे मोजायचे, यावर निकाल पालटू शकतो. समजा, एका मुलीने 40 पैकी 36 खरे शब्द ओळखले, पण 20 बनावटांपैकी फक्त 8 नाकारले. दुसरीने 24 खरे ओळखले आणि 19 बनावट नाकारले. बरोबर उत्तरे मोजली तर पहिलीची 44, दुसरीची 43, पहिली पुढे. लेक्सटेल मात्र दोन्ही गटांची टक्केवारी वेगळी काढून त्यांची सरासरी घेते. पहिलीची 90 आणि 40, सरासरी 65. दुसरीची 60 आणि 95, सरासरी 77.5. सगळ्यांना ‘हो’ म्हणणाऱ्याला या रीतीने 50 च मिळतात, म्हणजे नाणे उडवून मिळतील तितकेच. पहिलीला कमी शब्द येतात असे यावरून ठरत नाही. तिचा ‘हो’ स्वस्त आहे, म्हणून त्याचे वजन कमी धरायचे, इतकेच.

लेक्सटेलमध्ये सर्वांना तेच 60 शब्द मिळतात. अनुकूली चाचणीत मात्र आधीच्या उत्तरांवरून पुढचा शब्द निवडला जातो. बरोबर आले की अवघड शब्द, चुकले की सोपा. परीक्षार्थी जिथे अडखळू लागतो त्या पातळीभोवती प्रश्न घोटाळत राहतात. दोनच पर्याय असल्याने अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता निम्मी, म्हणून एकट्या उत्तरातून फार कमी कळते. ही उणीव वेग भरून काढतो: एक उतारा वाचून होईपर्यंत इथे डझनभर उत्तरे हाती येतात. पण त्यासाठी प्रत्येक शब्दाची काठिण्यपातळी आधी ठाऊक हवी. ड्युओलिंगोच्या संशोधकांनी 2020 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत ती शब्दाची लांबी आणि अक्षरक्रम यांसारख्या खुणांवरून यंत्राकडून ठरवून घेतली होती. बनावट शब्दही इंग्रजी शब्दांवर शिकवलेल्या न्यूरल नेटवर्कने अक्षर-अक्षर जोडून तयार केले होते.

बनावट शब्द बिघडतो तो दोन बाजूंनी. इंग्रजीत न शोभणारी अक्षरे एकत्र आली, तर भाषा न येणाराही तो झटकन नाकारतो. उलट खऱ्या शब्दातले एकच अक्षर हलवले, तर शब्दसंग्रहाऐवजी स्पेलिंगची परीक्षा होते. बऱ्यापैकी इंग्रजी येणारेच पाच सेकंदांत अशा ठिकाणी फसतात, कारण सराईत वाचक शब्द अक्षरे न मोजता ओळखतो. चाचणीत वरच्या गुणांचे लोक खालच्यांपेक्षा एखाद्या बनावट शब्दाला जास्त ‘हो’ म्हणू लागले, तर दोष त्या शब्दात आहे असे समजून तो काढतात. आणि तो कुठल्या तरी जुन्या कोशात खरा सापडत नाही ना, हेही पाहावे लागते.

ओळखणे म्हणजे अर्थ कळणे नव्हे. शब्द कुठे तरी वाचलेला आहे, इतक्यावरही ‘हो’ येतो. त्यामुळे या चाचणीचे गुण एकूण भाषाज्ञानाशी बऱ्यापैकी जुळत असले, तरी लेखन किंवा संभाषण त्यातून दिसत नाही. पातळीचा पहिला अंदाज घेऊन पुढचे प्रश्न कुठून सुरू करायचे ते ठरवणे, हा तिचा सर्वांत रास्त उपयोग.

मराठीसाठी अशी चाचणी रचायची तर अडचणी वेगळ्या. ‘-पणा’, ‘-सर’ यांसारखे प्रत्यय सहज लागतात. ‘निळसरपणा’ची स्वतंत्र नोंद एखाद्या कोशात नसली, तरी त्याला बनावट म्हणता येणार नाही. बोलींचा प्रश्न त्याहून मोठा. ‘आंडोर’ आणि ‘चेडू’ हे पुण्यात वाढलेल्या मुलाला जुळवलेले वाटतील. खानदेशातल्या अहिराणी घरात पहिला म्हणजे मुलगा आणि मालवणी घरात दुसरा म्हणजे मुलगी. बनावटांची यादी एकाच भागातल्या माणसांनी तपासली, तर दुसऱ्या भागातल्या मुलाने आपल्या घरचा शब्द ओळखल्याबद्दल त्याचे गुण जातील.