बोकडदाढी आणि सोल पॅच

गाल आणि कल्ले साफ ठेवून केवळ हनुवटीवर राखलेली दाढी म्हणजे बोकडदाढी. खालच्या ओठाखालच्या खळगीत राखलेल्या केसांच्या लहान पुंजक्याला सोल पॅच म्हणतात. बोकडदाढी मिशीला जोडून तोंडाभोवती कडे पूर्ण केले, की आपल्याकडच्या सलूनमध्ये तो ‘फ्रेंच कट’ होतो. मिशी सुटी ठेवून दाढीला टोक काढले तर तो ‘व्हॅन डाइक’. इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याची चित्रे काढणारा अँथनी व्हॅन डाइक (१५९९–१६४१) स्वतःही अशीच दाढी ठेवी. सोल पॅच विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकी जॅझ वादकांनी, विशेषतः ट्रंपेटवादक डिझी गिलेस्पीने, रूढ केला.

या दाढ्यांचा सर्वांत जास्त उपयोग आत गेलेल्या हनुवटीला होतो. ती ओळखायची तर चेहरा बाजूने पाहावा. खालच्या ओठापासून सरळ खाली रेघ कल्पिली आणि हनुवटी तिच्या बरीच मागे राहिली, तर ती आत गेलेली समजावी. अशा वेळी हनुवटीच्या पुढच्या भागावर केस सुमारे दीड ते दोन सेंटिमीटर वाढू द्यावेत आणि कडेला आखूड करत न्यावेत. केस पुढे येतात तितकी हनुवटीही पुढे आल्यासारखी भासते. नुसता सोल पॅच इथे उलटा पडतो. त्याने नजर ओठाखाली थांबते आणि खालची उणीव अधिकच दिसते.

रुंदी ठरवताना तोंडाच्या कोपऱ्याशी कंगवा उभा धरावा. दाढीची बाहेरची कड तिथे यावी. बिघडते ते बहुधा इथेच. एक बाजू जास्त कापली गेली की दुसरी तिच्या मापाने आणली जाते, मग पुन्हा पहिली, आणि दाढी तोंडापेक्षा अरुंद होऊन हनुवटीला चिकटवल्यासारखी दिसू लागते. त्यावर इलाज एकच, कडा वाढेपर्यंत थांबणे. खालची कड हनुवटीच्या हाडाच्या थोडी खाली घ्यावी. ती हाडावरच संपवली तर दुहेरी हनुवटी उघडी पडते.

गोल चेहऱ्याला किंचित टोकदार बोकडदाढी लांबी देते. लांबट चेहऱ्याला मात्र ते टोक मारक. तिथे आखूड फ्रेंच कट बरा. निमुळत्या हनुवटीवर खालची कड बोथट ठेवावी. रुंद, चौकोनी जबड्याला खरे तर कशाचीच गरज नसते, म्हणून सोल पॅच तिथे सर्वांत शोभतो. हनुवटीला खळी असेल तर तीही त्याखाली मोकळी राहते.

ओठाखालच्या पुंजक्याच्या दोन्ही बाजूंना अनेकांना केसच येत नाहीत. त्यांनी तो हनुवटीशी जोडण्याचा हट्ट धरू नये. रंगीत पेन्सिलीने भरलेली जागा उन्हात लगेच कळते.