पिक्सेल, पॉइंट, इंच आणि पीपीआय

चित्राचा व अक्षराचा आकार सांगणारी परिमाणे. इंच (२५.४ मिमी.) आणि पॉइंट (संगणकीय छपाईत इंचाचा ७२वा भाग) ही लांबीची मापे आहेत. पिक्सेल हा डिजिटल चित्राचा सर्वांत लहान घटक. त्याला स्वतःची ठरावीक लांबी नसते. एका इंचात किती पिक्सेल बसवायचे ते पीपीआय हा आकडा सांगतो. पिक्सेलच्या संख्येला पीपीआयने भागले की इंच मिळतात.

पडद्यावर : १२०० × १६०० पिक्सेलचा उभा फोटो मूळ पिक्सेलनुसार दाखवला, तर २४ इंची फुल एचडी मॉनिटरवर (सुमारे ९२ पीपीआय) त्याची रुंदी १३ इंच भरते. ४०० पीपीआयच्या मोबाइलवर तोच फोटो ३ इंचांत मावतो. पडद्याचे पीपीआय कारखान्यातच ठरलेले असते. फोटोच्या फाइलमध्ये लिहिलेला पीपीआयचा आकडा तिथे निरुपयोगी.

कागदावर व फ्लेक्सवर : छपाईत हा आकडा आपण ठरवतो. ३०० पीपीआयने हाच फोटो ४ × ५.३ इंच छापला जातो. मुंबई-गोवा महामार्गावर, अलिबागचा रस्ता फुटतो त्या वडखळ नाक्यावर गणेशोत्सवासाठी ६ × ८ फुटांचा फ्लेक्स लावायचा आहे आणि हाताशी एवढाच फोटो आहे, असे समजू. ६ फूट म्हणजे ७२ इंच. १२०० ला ७२ ने भागले की जेमतेम १७ पीपीआय उरतात. प्रत्येक पिक्सेल दीड मिलिमीटरचा होतो. फ्लेक्सखाली उभे राहिले तर चेहरा फुटलेला किंवा धूसर दिसतो. निरोगी डोळ्याला एवढे ठिपके साधारण पाच मीटरपलीकडून वेगळे ओळखता येत नाहीत, म्हणून रस्त्यापलीकडून तोच चेहरा नीट दिसतो. पत्रिका मात्र हातात धरून, फूटभर अंतरावरून वाचतात. तिच्यासाठी ३०० पीपीआय लागतात ते याच कारणाने.

अक्षरांचा आकार : ३६ पॉइंटचे अक्षर म्हणजे अर्धा इंच. ७२ पीपीआयच्या फाइलमध्ये त्याला ३६ पिक्सेल मिळतात, ३०० पीपीआयच्या फाइलमध्ये १५०. फ्लेक्सची फाइल फुटाला इंच या प्रमाणात, म्हणजे ६ × ८ इंचांची केली, तर छापताना सगळे बारा पटींनी वाढते आणि ते अक्षर ६ इंचांचे होते. वेबपानांवर ९६ पिक्सेल म्हणजे १ इंच असा संकेत आहे. त्यामुळे १२ पॉइंट म्हणजे १६ पिक्सेल. हा इंच मॉनिटरवर पट्टी लावून मोजल्यास सहसा जुळत नाही.

नेहमीची चूक : फोटोशॉपच्या Image Size खिडकीत Resample बंद ठेवून ७२ चे ३०० केले, तर पिक्सेल तेवढेच राहतात आणि छापील आकार घटतो. Resample चालू असेल तर पिक्सेल वाढतात, पण ते शेजारच्या रंगांवरून अंदाजाने भरलेले असतात. फाइल जड होते, चेहऱ्यातला तपशील वाढत नाही. त्यासाठी कॅमेऱ्यातली मूळ फाइलच मागवावी लागते.