दिल्लीचा निकाल, रिओचा निवाडा

नरसिंग यादव प्रकरणाची आठवण महाराष्ट्रात अजून निघते, आणि निघाली की बहुधा कटाच्या कथेपाशी येऊन थांबते. 2011, 2012 आणि 2013 अशी सलग तीन वर्षं महाराष्ट्र केसरी जिंकलेला, महाराष्ट्र पोलिसांत उपअधीक्षक असलेला हा मल्ल रिओ ऑलिंपिकमध्ये आखाड्यात उतरूच शकला नाही. त्याचं काय झालं हे कटाच्या कथेतून कळत नाही, कागदांतून बरंच कळतं. दिल्ली उच्च न्यायालयाचा 6 जून 2016 चा निर्णय, राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या म्हणजे नाडाच्या शिस्तपालन समितीचा 1 ऑगस्टचा निकाल आणि आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाचा, म्हणजे कॅसचा, 18 ऑगस्टचा निवाडा हे तीन कागद शेजारी ठेवले की वाद नेमका कुठे फिरला ते दिसतं.

पहिल्या कागदात उत्तेजकांचा विषयच नाही. 2015 मध्ये लास व्हेगासच्या जागतिक स्पर्धेत नरसिंगने 74 किलो वजनगटात कांस्यपदक मिळवलं आणि त्यामुळे भारताला ऑलिंपिकची एक जागा मिळाली. ती जागा देशाची, पण तिथे पाठवायचं कुणाला? सुशील कुमारने निवड चाचणी मागितली. भारतीय कुस्ती महासंघाने ती नाकारली, तेव्हा तो उच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने याचिका फेटाळली. खेळाडू निवडणं हे महासंघाचं काम आणि त्यात उघड मनमानी दिसल्याशिवाय न्यायालयाने हात घालू नये, असा भारतीय न्यायालयांचा सर्वसाधारण पवित्रा असतो. इथेही तोच दिसला. निवडीचा वाद देशातल्या न्यायालयात सुरू झाला आणि तिथेच संपला. पुढचा वाद मात्र देशाच्या न्यायव्यवस्थेच्या हातात राहणार नव्हता.

25 जूनला सोनीपतच्या सरावकेंद्रात नरसिंगच्या लघवीचा नमुना घेतला गेला. त्यात मेटॅनडिएनोन या स्टेरॉइडचे अंश सापडले. 5 जुलैला घेतलेल्या दुसऱ्या नमुन्यातही ते होते. त्याच्यावर तात्पुरती बंदी आली आणि त्याच्या जागी प्रवीण राणाचं नाव पाठवलं गेलं. आपल्या पेयात कुणीतरी जाणूनबुजून औषध मिसळलं, असं नरसिंगचं म्हणणं होतं.

उत्तेजकांच्या नियमांची गाठ इथे नीट समजून घ्यायला हवी. जागतिक संहितेप्रमाणे नमुन्यात बंदी असलेलं द्रव्य सापडलं की नियमभंग सिद्ध होतो. हेतू होता की नव्हता, हा प्रश्न तिथे येत नाही. तो येतो शिक्षेच्या पायरीवर. मेटॅनडिएनोनसारख्या स्टेरॉइडसाठी 2015 च्या संहितेत चार वर्षांची बंदी होती, आणि ती टाळायची तर सेवन हेतुपुरस्सर नव्हतं हे खेळाडूने सिद्ध करायचं होतं. शिक्षा पूर्ण माफ व्हायची असेल तर आपला कणभरही दोष नव्हता, हे त्याला दाखवावं लागे. संहितेच्या टिपणीत याचं एक उदाहरण दिलेलं आहे: सर्व काळजी घेऊनही प्रतिस्पर्ध्याने घातपात केला, हे खेळाडूने सिद्ध करणं. खेळाडूच्या प्रशिक्षकाने किंवा जोडीदाराने औषध मिसळलं तर तेवढ्याने ही सवलत मिळत नाही. म्हणजे नरसिंगने मांडलेला बचाव संहितेतल्या सर्वांत अरुंद दारातून जाणारा होता. ते दार खरं होतं, पण पुरावा खेळाडूने आणायचा. कसोटी अशी की त्याचं म्हणणं खरं असण्याची शक्यता खोटं असण्यापेक्षा जास्त ठरली पाहिजे.

नाडाच्या समितीने त्याला त्या दारातून आत घेतलं. तत्कालीन महासंचालक नवीन अग्रवाल यांनी 1 ऑगस्टला निकाल जाहीर केला. त्यातल्या तर्काची एक कडी फार महत्त्वाची आहे. 2 जूनपर्यंतच्या त्याच्या कुठल्याही नमुन्यात काही सापडलेलं नव्हतं. द्रव्य एकदाच घेऊन कुणाला फायदा होईल, हे समितीला पटण्यासारखं नव्हतं. म्हणून ते एकदाचं सेवन हेतुपुरस्सर नसावं आणि खेळाडू प्रतिस्पर्ध्याच्या घातपाताचा बळी असावा, असा समितीचा निष्कर्ष. माणूस म्हणून ही मांडणी लगेच पटते. ऑलिंपिक तोंडावर असलेला आणि आपली चाचणी होणारच हे ठाऊक असलेला मल्ल एका गोळीसाठी सगळं पणाला का लावेल? पण समितीचं सगळं बांधकाम एका गृहीतावर उभं होतं: सेवन एकदाच झालं. ते गृहीत ढळलं तर वरचं काहीच टिकणार नव्हतं.

नरसिंग रिओला गेला. 19 ऑगस्टला त्याच्या कुस्त्या होत्या. त्याला मोजकेच दिवस उरले असताना जागतिक उत्तेजकविरोधी संस्था, म्हणजे वाडा, नाडाच्या निकालाविरुद्ध कॅसकडे गेली. नाडाचं स्वतःचं अपील मंडळ दिल्लीत असताना वाडा थेट तिकडे कशी गेली, हा प्रश्न तेव्हा बऱ्याच जणांनी विचारला. उत्तर संहितेत आहे. दुसऱ्या कुणी अपील केलेलं नसेल तर देशांतर्गत पायऱ्या न चढता वाडाला थेट कॅसमध्ये जाता येतं. शिवाय 1996 च्या अटलांटापासून प्रत्येक उन्हाळी ऑलिंपिकच्या गावात कॅसचा तात्पुरता विभाग बसतो. उद्घाटनाच्या आधीच्या दहा दिवसांत किंवा खेळ चालू असताना उद्भवलेले वाद त्याच्याकडे येतात आणि निर्णय शक्यतो 24 तासांत द्यायचा असतो. रिओचं उद्घाटन 5 ऑगस्टला झालं आणि नाडाचा निकाल 1 ऑगस्टचा, म्हणजे त्या दहा दिवसांच्या आतला. निकाल आठवडाभर आधी लागला असता तर रिओतल्या या विभागाच्या अधिकारावरच आक्षेप घेता आला असता.

अपिलातली दुसरी बाजू आपल्याकडच्या वाचकाला अनोळखी वाटेल. आपल्याकडे वरच्या न्यायालयाला बहुधा खालच्याच्या तथ्यनिष्कर्षांचा मान राखावा लागतो. कॅसला तसं बंधन नाही. आव्हान दिलेल्या निकालाला झुकतं माप देऊ नये, असं संहिताच सांगते. त्यामुळे 18 ऑगस्टला सुनावणी झाली तेव्हा नाडाच्या समितीने काय मानलं याला वजन उरलं नव्हतं. पुरावा पहिल्यापासून तपासला गेला.

आणि पुरावा म्हणून समोर होते दोन नमुन्यांतले आकडे. माँट्रियलच्या प्रयोगशाळेच्या संचालक प्रा. क्रिस्टियान आयोट यांनी तज्ज्ञ म्हणून मत दिलं. 25 जूनच्या नमुन्यातलं प्रमाण इतकं जास्त होतं की ते पाण्यात मिसळलेल्या भुकटीतून आलेलं असणं पटत नव्हतं. पूर्ण मात्रेच्या एक किंवा दोन गोळ्या तोंडावाटे घेतल्या तर ते तेवढं येतं, असं त्यांचं म्हणणं. शरीरात गेलेलं स्टेरॉइड विघटित होत जातं, त्याचे काही अंश लवकर निघून जातात, काही दीर्घकाळ टिकतात. म्हणून दोन वेगवेगळ्या दिवसांचे नमुने हाती असले की किती घेतलं आणि साधारण केव्हा घेतलं, याचा अंदाज बांधता येतो. घातपाताची कथा तपासायची ती अशी. कोण स्वयंपाकघरात दिसलं, कुणाचं कुणाशी वैर होतं, हे साक्षीदार सांगतील. पण सांगितलेल्या वेळी, सांगितलेल्या रीतीने मिसळलेल्या पेयातून एवढं प्रमाण येऊ शकतं का, हे नमुनाच सांगतो.

लवादमंडळाने घातपात शक्य असल्याचं मान्य केलं. पण तो संभाव्य ठरत नाही आणि त्याला खऱ्या पुराव्याचा आधार नाही, असं म्हटलं. सर्वांत संभाव्य स्पष्टीकरण त्यांनी असं मांडलं की खेळाडूने द्रव्य गोळीच्या रूपात, जाणीवपूर्वक, एकाहून अधिक वेळा घेतलं. दिल्लीच्या समितीने ज्यावर घर बांधलं होतं ते ‘एकदाच’ इथे निसटलं. चार वर्षांची बंदी त्याच दिवसापासून लागू झाली, तात्पुरत्या बंदीत गेलेले दिवस वजा करून. 25 जूनपासूनचे सगळे निकालही रद्द झाले.

माझ्या मते पुराव्याच्या कसोटीवर रिओचा निवाडा दिल्लीच्या निकालापेक्षा भक्कम आहे. दिल्लीच्या समितीने हेतूवरून सेवनाचा अंदाज केला, कॅसने सेवनाच्या प्रमाणावरून हेतूचा. नियमांची रचना दुसऱ्या वाटेची आहे. तरीही घाई खटकते, आणि मनापासून खटकते. ज्याच्या चार वर्षांचा प्रश्न आहे त्याला परक्या शहरात, कुस्तीच्या आदल्या दिवशी, जागतिक दर्जाच्या तज्ज्ञाच्या रासायनिक मताला तोडीस तोड उत्तर उभं करायचं होतं. स्वतःचा तज्ज्ञ शोधायला, त्याला आकडे देऊन लेखी मत घ्यायला आठवडे लागतात. चोवीस तासांचा नियम कुणाला खेळू द्यायचं हे ठरवण्यासाठी उत्तम आहे. पुढची चार वर्षं ठरवण्यासाठी तो तोकडा आहे. त्या दिवशी फक्त सहभाग थांबवून शिक्षेचा प्रश्न कॅसच्या लोझानमधल्या नेहमीच्या अपील विभागाकडे सोपवता आला असता तर बरं झालं असतं.

या निवाड्याविरुद्ध कुठे जाता येतं, यावरून कॅसची जागा कळते. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात फक्त राष्ट्रं एकमेकांविरुद्ध उभी राहतात. तिथे मल्लाला प्रवेश नाही. 2005 च्या युनेस्को करारावर भारताने 2007 मध्ये शिक्कामोर्तब केलं, पण त्या करारानेही जागतिक संहितेला स्वतःचा भाग बनवलेलं नाही. संहितेची तत्त्वं पाळायची एवढंच राष्ट्रांनी कबूल केलं. खेळाडूला बांधतो तो ऑलिंपिकच्या प्रवेशअर्जातला लवादाचा करार. व्यापारी लवादासारखाच हा खासगी करार आहे. फरक एवढाच की व्यापाऱ्याला दुसरं गिऱ्हाईक शोधता येतं, खेळाडूला दुसरं ऑलिंपिक शोधता येत नाही.

मंडळ रिओत बसलं तरी कायद्याने लवादाचं ठिकाण लोझानच राहतं. म्हणून दिल्लीतलं किंवा ब्राझीलमधलं कुठलंही न्यायालय हा निवाडा रद्द करू शकत नव्हतं. तो अधिकार स्वित्झर्लंडच्या संघीय सर्वोच्च न्यायालयाचा, मुदत 30 दिवसांची, आणि कारणं मोजकी: मंडळाची चुकीची रचना, अधिकारक्षेत्र, मागणीबाहेरचा निर्णय, बाजू मांडण्याची नाकारलेली संधी, सार्वजनिक धोरणाचा भंग. तज्ज्ञाच्या मताला मंडळाने जास्त वजन दिलं, ही तक्रार यांपैकी कुठेच बसत नाही. तयारीला पुरेसा वेळ मिळाला नाही, ही मात्र बाजू मांडण्याच्या संधीखाली बसवता आली असती.

या वाटेचं पुढचं टोक स्ट्रासबर्गला जातं. वेगस्केटर क्लाउडिया पेखश्टाइनच्या प्रकरणात युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने 2018 मध्ये मान्य केलं की तिच्यासाठी हा लवाद सक्तीचा होता, म्हणून न्याय्य सुनावणीची हमी तिथेही लागू होते. तिने मागितलेली जाहीर सुनावणी नाकारणं चुकीचं होतं, असंही ठरलं. 10 जुलै 2025 रोजी कास्टर सेमेन्याच्या प्रकरणात त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठाने ठरवलं की स्विस न्यायालयाने केलेली तपासणी पुरेशी कठोर नव्हती. सेमेन्या दक्षिण आफ्रिकेची. लवादाचं ठिकाण लोझान असल्यामुळेच तिला स्वित्झर्लंडविरुद्ध तिथे उभं राहता आलं, आणि त्याच कारणाने सोनीपतमध्ये नमुना दिलेल्या भारतीय मल्लालाही ते दार उघडं आहे. फक्त त्याआधी 30 दिवसांत स्विस न्यायालयाची पायरी चढलेली असावी लागते.