थ्रेड : ताजमहाल नेमका कोणता? गूगलच्या उत्तर-चौकटीचा इतिहास

१/ १६ मे २०१२ रोजी गूगलचे अमित सिंघल यांनी ‘नॉलेज ग्राफ’ची घोषणा केली, तेव्हा उदाहरणादाखल त्यांनी ताजमहाल घेतला. तोवर शोधयंत्राच्या लेखी ‘ताजमहाल’ म्हणजे केवळ अक्षरांची माळ होती. ती ज्या पानांवर आढळे, त्यांतली दहा पाने निळ्या दुव्यांच्या रूपाने समोर येत. पुढचा शोध वाचकानेच घ्यायचा.

२/ परंतु ताजमहाल एक नव्हे. आग्र्याची कबर आहे, त्याच नावाने गाणारा अमेरिकी ब्लूज गायक आहे, आणि अटलांटिक सिटीत त्या नावाचा कॅसिनोही होता. नव्या रचनेत या तिघांना तीन स्वतंत्र ओळख-क्रमांक मिळाले आणि नाव हे त्या क्रमांकावरचे निव्वळ लेबल ठरले.

३/ प्रत्येक क्रमांकाभोवती माहिती तीन पदांच्या विधानांत साठवली जाते : वस्तू, गुणधर्म, मूल्य. ‘ताजमहाल (गायक) – जन्मवर्ष – १९४२.’ आता कोणी ‘ताजमहालचा जन्म कधी झाला’ असे विचारले, तर जन्म हा गुणधर्म व्यक्तीलाच असतो, म्हणून इमारती आपोआप गळतात. उरलेल्या क्रमांकापुढचे मूल्य थेट चौकटीत येते. ‘उंची किती’ हा प्रश्न मात्र अवघड, कारण उंची माणसालाही असते आणि घुमटालाही. तिथे यंत्र बहुधा अधिक प्रसिद्ध वस्तूकडे झुकते.

४/ ही बांधणी गूगलने शून्यातून उभारली नाही. डॅनी हिलिस यांच्या ‘मेटावेब’ कंपनीने २००७ मध्ये ‘फ्रीबेस’ हा खुला विधानसंग्रह सुरू केला होता, आणि २०१० मध्ये गूगलने ती कंपनीच विकत घेतली. घोषणेच्या वेळी ग्राफमध्ये ५० कोटींहून अधिक वस्तू आणि ३५० कोटींहून अधिक विधाने होती. त्यात विकिपीडियाचाही वाटा होता.

५/ पुढे गूगलने फ्रीबेस बंद करून त्यातली विधाने ‘विकिडेटा’ला देऊ केली. तिथे खरी अडचण उघडी पडली. विकिडेटाचे संपादक विधानामागे संदर्भ मागत, आणि फ्रीबेसमधल्या असंख्य विधानांना तो नव्हताच. (दफ्तरात नोंद आहे, पण लिहिणाऱ्याची सही नाही, असा हा प्रकार.)

६/ मे २०१८. कॅलिफोर्नियातील प्राथमिक निवडणूक काही दिवसांवर असताना तेथील रिपब्लिकन पक्षाच्या चौकटीत ‘विचारसरणी’पुढे ‘नाझीवाद’ हा शब्द झळकला. विकिपीडियावरील खोडसाळपणातून तो आल्याचे गूगलने सांगितले. विकिपीडियावर तो बदल कधी झाला आणि कोणत्या खात्यावरून झाला, हे पानाच्या संपादन-इतिहासात पाहता येत होते. चौकटीत मात्र तो शब्द पक्षाच्या इतर माहितीच्या ओळीत, त्याच ठशात छापलेला होता.